तिसऱ्या वर्षाचा कागद : नोकरी देणारा पदवीत नेमकं काय वाचतो

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या ग्वाल्हेरच्या जिल्हा न्यायालयात शिपाई, ड्रायव्हर, माळी, सफाई कामगार अशा १५ जागा निघाल्या होत्या. पात्रता दहावी पास. अर्ज आले सुमारे ११ हजार, आणि रांगेत पदवीधर होते, इंजिनियर होते, एमबीए झालेलेही होते. तेव्हा घराघरांत एकच वाक्य ऐकू येत होतं, "शिकून काय उपयोग?"

यंदा माझ्या भाच्याने मला जवळजवळ उलटा प्रश्न विचारला. तो बी.कॉम.ची दोन वर्षं पूर्ण करून दाल बाजारातल्या एका धान्याच्या पेढीवर हिशेब बघतो. टॅलीवर नोंदी करणं, खरेदीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर ताडून पाहणं, आडतीचा हिशेब आणि उधारीची वसुली, हे सगळं त्याच्याकडे आहे. ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरमधल्या एका कारखान्यात अकाउंट्सची जागा निघाली म्हणून तो विचारायला गेला. तिथे पहिलाच प्रश्न आला, "ग्रॅज्युएट हो?" नाही म्हटल्यावर पुढचं कोणी काही विचारलंच नाही.

घरी येऊन तो म्हणाला, "मावशी, तिसऱ्या वर्षात असं काय शिकवतात, जे मला येत नाही?"

मी पंचवीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. खरं उत्तर असं होतं, की त्या जागेच्या कामापुरतं बघितलं तर तिसऱ्या वर्षात फारसं काही शिकवत नाहीत. तरीही कारखान्याचा माणूस वेडा नव्हता. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते या लेखात सांगायचं आहे.

मालकाला काय दिसत नाही

नोकरी देणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. टेबलावर दीडशे अर्ज आहेत. त्याला हवा आहे असा माणूस, जो मार्च महिन्याच्या गर्दीतही हिशेब अर्धवट टाकून जाणार नाही, कंटाळवाणं काम नीट करेल, सांगितलेली तारीख पाळेल. यातलं काहीच चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. उमेदवाराला स्वतःबद्दल माहीत असतं, मालकाला माहीत नसतं.

विचारून बघितलं तर? प्रत्येक अर्जात "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे" असं लिहिलेलं असतंच. हे वाक्य लिहायला काही लागत नाही, मेहनती माणसालाही नाही आणि कामचुकार माणसालाही नाही. दोघं ते सारख्याच सहजतेने लिहितात, म्हणून त्यावरून दोघांत फरक करता येत नाही.

मिक्सर विकत घेताना आपण काय करतो ते आठवा. दुकानदार म्हणतो, "एकदम मजबूत आहे," तिकडे आपण लक्ष देत नाही. "पाच वर्षांची गॅरंटी" म्हटल्यावर मात्र थांबतो. ज्याचा मिक्सर खरंच चांगला, त्याला गॅरंटी स्वस्तात पडते, कारण मिक्सर परत येतच नाहीत. ज्याचा माल कच्चा, त्याने पाच वर्षांची गॅरंटी दिली तर दुरुस्तीत त्याचं दिवाळं निघेल. गॅरंटीमुळे मोटर जास्त जोरात फिरत नाही, पण गॅरंटी द्यायची कोणाला परवडते यावरून आतल्या मोटरचा अंदाज येतो.

अर्थशास्त्रात याला सिग्नल म्हणतात: दिसणारी अशी गोष्ट, जी चांगल्याला स्वस्त आणि वाईटाला महाग पडते, आणि म्हणूनच न दिसणाऱ्या गुणाची खूण ठरते. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल ही मांडणी केली. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं. या कल्पनेचं मर्म आकड्यांशिवाय हाती लागत नाही. हिशेब सोपा आहे, फक्त सावकाश वाचा.

दाल बाजारातला हिशेब

समजा दोनच प्रकारचे उमेदवार आहेत. एक नेटाचा, दुसरा धरसोड. नेटाच्या माणसाच्या कामाची किंमत पेढीला महिन्याला २४ हजार रुपये आहे. धरसोड माणसाची १२ हजार, कारण त्याच्या चुका निस्तरण्यात दुसऱ्याचा वेळ जातो. दोघं बाजारात निम्मे-निम्मे आहेत. हे सगळे आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत.

कोण कसा हे ओळखण्याचा काहीच मार्ग नसेल, तर मालक सरासरी काढेल आणि सगळ्यांना १८ हजार देईल.

आता यात पदवी आणू. मुद्दाम एक टोकाची गोष्ट धरू: या पदवीत कामाचं काहीही शिकवत नाहीत, शून्य. पण ती मिळवायला त्रास पडतो. फी, तेवढ्या काळातली बुडालेली कमाई, अभ्यासाचा कंटाळा, नापास झाल्यास पुन्हा भरायचा फॉर्म, हे सगळं पुढच्या नोकरीच्या वर्षांवर पसरून महिन्याचा खर्च काढला. नेटाच्या मुलाला तो ७ हजार पडतो. धरसोड मुलाला १५ हजार पडतो, कारण त्याचे विषय राहतात, तीन वर्षांची पाच होतात आणि प्रत्येक परीक्षेआधी त्याला ट्यूशन लावावी लागते.

मालकाने ठरवलं, की पदवी असेल तर २४ हजार, नसेल तर १२. म्हणजे पदवीमुळे महिन्याला १२ हजार जास्त मिळणार. नेटाचा मुलगा बघतो: १२ मिळतात, ७ जातात, ५ हजार फायदा. तो पदवी घेतो. धरसोड मुलगा बघतो: १२ मिळतात, १५ जातात, ३ हजार तोटा. तो घेत नाही.

म्हणजे पदवीवाले सगळे नेटाचे निघाले आणि बिनपदवीचे सगळे धरसोड. मालकाचा अंदाज खरा ठरला. पुढच्या वर्षीही तो हाच नियम लावेल, कारण अनुभवाने त्याची खात्री पटली. आणि कॉलेजात तर काहीच शिकवलेलं नव्हतं.

सगळी करामत ७ आणि १५ मधल्या अंतराची आहे. पदवी नुसती महाग असून चालत नाही. ती एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त महाग पडली पाहिजे.

यात खरा फायदा कोणाचा झाला?

वर्गात मी इथे थांबायचे आणि मुलांना पुन्हा वही उघडायला सांगायचे. नेटाच्या मुलाच्या हातात किती उरले? पगार २४, पदवीचा खर्च ७, म्हणजे १७ हजार. पदवी नव्हती तेव्हा त्याला किती मिळत होते? १८ हजार.

धरसोड मुलगा १८ वरून १२ वर आला, ते समजण्यासारखं आहे. पण जो जिंकला, तोही एक हजाराने मागेच गेला. मग त्याने पदवी घेऊच नये का? तेही त्याच्या हातात नाही. इतर नेटाची मुलं पदवी घेत असताना एकट्याने घेतली नाही, तर मालक त्याला धरसोड समजून १२ देईल. १२ पेक्षा १७ बरे, म्हणून तो निमूटपणे फी भरतो.

आकडे बदलले तर उत्तर बदलेल. नेटाच्या मुलाला पदवी ४ हजारांत पडली तर तो २० हजारांवर जाईल, म्हणजे फायद्यात राहील. शिवाय योग्य माणूस योग्य जागी बसल्याचा समाजाला लाभ होतो, तो या हिशेबात मी धरलेला नाही. तरी एक गोष्ट या हिशेबातून पहिल्यांदाच स्वच्छ दिसते: एका मुलासाठी पदवी घेणं शहाणपणाचं असू शकतं आणि सगळ्यांनी मिळून पदवीमागे धावणं त्याच वेळी नुकसानीचं असू शकतं. "शिकून काय उपयोग" म्हणणारे आणि "डिग्री तर घेच" म्हणणारे आईवडील, दोघंही बरोबर असतात ते असे.

मग ११ हजारांची रांग कुठून आली?

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा गावात कॉलेजं वाढली, प्रवेश सोपा झाला, पेपर सोपे झाले, हजेरीची सक्ती कागदावर राहिली. आता पदवी नेटाच्या मुलाला महिन्याला ३ हजारांत पडते आणि धरसोड मुलाला ५ हजारांत. खर्च दोघांचाही उतरला, पण मुख्य म्हणजे मधलं अंतर ८ हजारांवरून २ हजारांवर आलं.

आता दोघंही पदवी घेतील. पदवीवाल्यांमध्ये पुन्हा दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे, म्हणून मालक पदवीवाल्याला सरासरी १८ हजार देतो आणि बिनपदवीच्याला १२. धरसोड मुलालाही ६ हजार जास्त मिळवण्यासाठी ५ खर्च करणं परवडतं. पगार पुन्हा १८ वर आला, जिथून आपण सुरुवात केली होती. फरक इतकाच, की आता एकाच्या हातात १५ उरतात आणि दुसऱ्याच्या १३. मधले पैसे आणि वर्षं दोन्ही गेली, आणि मालकाला आधीइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही.

अशा वेळी मालक पुढची पायरी मागतो. पूर्वी बारावीवर मिळणाऱ्या जागेला पदवी लागते, पदवीच्या जागेला एम.कॉम. किंवा एमबीए. काम तेच असतं, टॅलीतल्या नोंदी त्याच असतात. आणि ज्यांच्या पदवीने कोणाला काहीच सांगितलं नाही, ते दहावीच्या जागेच्या रांगेत येऊन उभे राहतात. नोकऱ्याच कमी असणं आणि सरकारी नोकरीचं स्थैर्य ही कारणं मोठी आहेत, ती मी नाकारत नाही. पण इंजिनियर मुलगा त्या रांगेत दिसतो तेव्हा त्याचं शिक्षण जितकं कमी पडलेलं असतं, तितकीच त्याच्या कागदाची खूण पुसलेली असते.

दोन वर्षं शिकलो, मग दोन-तृतीयांश किंमत का नाही?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. पदवीची किंमत फक्त शिकण्याची असती, तर दर वर्षी थोडा थोडा पगार वाढायला हवा होता. पहिलं वर्ष झालं, थोडा वाढला. दुसरं झालं, आणखी थोडा. प्रत्यक्षात शेवटच्या वर्षाला उडी दिसते. अमेरिकेत याला मेंढीच्या कातड्याचा परिणाम म्हणतात, कारण तिथे एके काळी पदवी मेंढीच्या कातड्यावर लिहून देत. १९८७ मध्ये हंगरफोर्ड आणि सोलन यांनी ही उडी मोजली. १९९६ मध्ये जेगर आणि पेज यांनी, किती वर्षं शिकला आणि प्रत्यक्ष पदवी मिळाली का, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. बारावीनंतरच्या चार वर्षांमुळे जो जास्त पगार मिळतो, त्यातला निम्म्याहून जास्त भाग पदवीच्या कागदाशी जोडलेला निघाला.

हे अमेरिकेचे आकडे आहेत, ते जसेच्या तसे ग्वाल्हेरला लावता येणार नाहीत. पण मालनपूरच्या त्या टेबलावर नेमकं हेच घडलं. सुरू केलेली गोष्ट शेवटाला नेली, हे सांगणारी ओळ शेवटच्या वर्षानंतरच लिहिली जाते.

भाच्याचं यावर एक चांगलं म्हणणं होतं. नव्या शिक्षण धोरणात मधूनच बाहेर पडता येतं. एका वर्षाला सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा, तीन वर्षांना पदवी. मध्य प्रदेशात हे २०२१ पासून लागू आहे. "मग माझा डिप्लोमा आहेच की, मावशी."

डिप्लोमा आहे, आणि ज्याला नाइलाजाने शिक्षण थांबवावं लागलं त्याला पुढे परत येता यावं म्हणून ही सोय खरोखर चांगली आहे. पण कोणताही कागद काय सांगतो, हे तो कोणाकोणाच्या हातात असतो त्यावर ठरतं. दोन वर्षांचा डिप्लोमा मुद्दाम निवडून घेतलेल्या मुलांचा असता, तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता. आज तो बहुतेक करून तिसरं वर्ष न केलेल्यांच्या हातात आहे. त्यामुळे मालक त्यावर "दोन वर्षं शिकला" असं न वाचता "तिसरं सोडलं" असं वाचतो. का सोडलं, हे विचारायला त्याला वेळ नसतो.

म्हणजे कॉलेजात काही शिकवतच नाहीत का?

असं मी म्हणणार नाही, आणि माझी पंचवीस वर्षं शिकवण्यात गेली म्हणून नव्हे. शून्य शिकवण्याची गोष्ट मी उदाहरणापुरती धरली होती. नर्सने शीर शोधायला शिकलेलं असतं, वेल्डरने सांधा धरायला. तिथे शिकणं उघड दिसतं. बी.कॉम.च्या मुलालाही जमा-नावे, घसारा, ताळेबंद वाचणं हे कॉलेजातच कळतं. शिक्षणाने माणसाची कामाची ताकद वाढते ही गॅरी बेकरची मांडणी स्पेन्सच्या आधीची आहे आणि ती खोटी ठरलेली नाही. भांडण एवढ्यावरच आहे, की किती भाग शिकण्याचा आणि किती खुणेचा.

हे मोजणं अवघड आहे. पदवी पूर्ण करणारी मुलं आधीपासूनच वेगळी असतात, त्यामुळे त्यांचा जास्त पगार कागदामुळे की त्यांच्या मुळातल्या नेटामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून संशोधक अशी जागा शोधतात, जिथे मुलं सारखी पण कागद वेगळा.

अशी एक जागा अमेरिकेत सापडली. तिथे शाळा सोडलेल्यांसाठी बारावीच्या तोडीची एक परीक्षा असते आणि तेव्हा पासाची रेषा राज्याराज्यांत वेगळी होती. सारखेच गुण मिळवून एक मुलगा एका राज्यात पास, तर दुसरा दुसऱ्या राज्यात नापास. २००० साली टायलर, मर्नेन आणि विलेट यांनी त्यांची कमाई ताडून पाहिली. गोऱ्या मुलांमध्ये कागदवाल्यांची कमाई पाच वर्षांनी १० ते १९ टक्के जास्त निघाली. इतर वंशांच्या मुलांमध्ये तसा फायदा दिसला नाही.

उलट २०१४ मध्ये क्लार्क आणि मार्टोरेल यांनी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत एखाद-दोन गुणांनी पास झालेल्यांची तुलना एखाद-दोन गुणांनी नापास झालेल्यांशी केली. तिथे कागद असण्या-नसण्याने कमाईत जवळजवळ काही फरक पडला नव्हता. त्या पातळीवर मालकाला मुलाबद्दल इतर गोष्टींवरून पुरेसं कळत असावं, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. मला त्यांतून एवढं दिसतं, की खुणेची किंमत सगळीकडे सारखी नसते. मालकाला तुमच्याबद्दल दुसरं काही कळण्याचा मार्ग जितका कमी, तितका कागद जड. मालनपूरच्या कारखान्याला माझ्या भाच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. दाल बाजारातल्या त्याच्या शेठजींनी त्याला कामावर घेताना कागद मागितलाच नव्हता, कारण ते त्याच्या आजोबांना ओळखत होते.

सरळ परीक्षाच का घेत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे. दोन तासांची परीक्षा घ्या, टॅली समोर ठेवा, काम येतं का बघा. मोठ्या कंपन्या असं करतातही, आणि करावंच.

पण दोन तासांत येतं की नाही ते कळतं, टिकतो की नाही ते कळत नाही. सकाळचा उत्साह संपल्यावर, वरिष्ठ तिरसट असताना, काम कंटाळवाणं असताना हा मुलगा काय करतो, हे कळायला महिने लागतात. तीन वर्षांची पदवी ही नेमकी तशीच, लांब आणि बऱ्याचदा कंटाळवाणी चाचणी आहे. आणि तिचा खर्च मालकाला पडत नाही. तो मुलाच्या घरून आणि सरकारच्या अनुदानातून जातो. फुकट मिळणारी चाळणी कोणी का टाकून देईल?

तीन महिने काम करून बघायला देणं हा तिसरा मार्ग. छोट्या पेढीला तोही महाग पडतो. एका महिन्याचं जीएसटी रिटर्न चुकलं तर दंड आणि व्याज मालकाच्या माथी, आणि ज्या व्यापाऱ्याचं क्रेडिट अडकलं त्याची बोलणीही त्यालाच खावी लागतात.

चाळणी कोणाला अडवते?

या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. आपण धरून चाललो, की पदवी नेटाच्या मुलाला स्वस्त आणि धरसोड मुलाला महाग पडते. खर्चातला फरक फक्त स्वभावातून येत असता, तर चाळणी न्याय्य ठरली असती. पण खर्च घरातूनही ठरतो. वडील आजारी पडले म्हणून गल्ल्यावर बसणारी मुलगी, मुरार किंवा डबऱ्याहून रोज बसने येणारा मुलगा, धाकट्यांची फी आधी भरावी लागली म्हणून स्वतःचं वर्ष सोडलेली बहीण. यांना तीच पदवी १५ हजारांची पडते, त्यांचा नेट कितीही असो. चाळणीला हे कळत नाही. ती त्यांना धरसोड म्हणून बाजूला टाकते. माझ्या वर्गात अशी मुलं दर वर्षी होती आणि शेवटच्या वर्षाला हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ असायची.

याची उलटी बाजू फसवणुकीची. जुलै २०१३ मध्ये इंदूरच्या पोलिसांनी वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला आलेल्या २० जणांना पकडलं आणि व्यापमं घोटाळा उघड व्हायला सुरुवात झाली. आपल्या हिशेबात त्याचा अर्थ काय? पेपर दुसऱ्याने लिहिला, की परीक्षेची किंमत अभ्यासात मोजायची थांबते आणि फक्त पैशात मोजली जाते. मग ती परीक्षा हुशार आणि बेताचा असा फरक करत नाही, पैसेवाला आणि बिनपैशाचा असा करते. आणि ज्याने रात्र रात्र जागून गुण मिळवले, त्याच्याही कागदाकडे लोक संशयाने बघतात. खोटी मार्कशीट विकत घेणारा स्वतः तर खोटा ठरतोच, पण त्याच बॅचच्या प्रत्येक खऱ्या मार्कशीटमधून तो काही रुपये काढून घेतो. आता मार्कशीट डिजिलॉकरवरून तपासून घेता येते. पण त्या तपासणीतून कागद खरा आहे का एवढंच कळतं, पेपर कोणी लिहिला ते कळत नाही.

हा कागद किती दिवस पुरतो?

कायमचा पुरत नाही. अल्टोंजी आणि पिएरे यांनी २००१ मध्ये तरुण कामगारांचे पगार वर्षानुवर्षं पाहिले. त्यांच्याकडे त्या मुलांच्या एका जुन्या क्षमता-चाचणीचे गुण होते, जे मालकांना माहीत नव्हते. सुरुवातीला पगार शिक्षणावर ठरत होता. अनुभव वाढला तसतसं शिक्षणाचं वजन कमी होत गेलं आणि त्या न दिसणाऱ्या क्षमतेचं वाढत गेलं. म्हणजे मालक काम बघून शिकतो आणि कागद हळूहळू मागे पडतो.

पण त्यासाठी आधी आत जावं लागतं. भाच्याच्या बाबतीत अडचण हीच आहे. त्याचं काम शेठजींनी दोन वर्षं पाहिलं आहे, पण ते ज्ञान शेठजींच्या डोक्यात आहे, मालनपूरच्या टेबलावर नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, तिसरं वर्ष स्वाध्यायी म्हणून, म्हणजे रोज कॉलेजात न जाता, करायचं, नोकरी न सोडता. कमाई बुडणार नाही, म्हणजे खर्चाचा सगळ्यात मोठा तुकडा गेला. आणि अर्जात दोन्ही तारखा शेजारी-शेजारी लिहायच्या: पेढीवर कधीपासून, पदवी कधी. नोकरी करत परीक्षा दिली हे तारखांवरूनच कळतं, ते वेगळ्या विशेषणाने सांगावं लागत नाही.

दुसरी, शेठजींकडून एक पत्र घ्यायचं. भाच्याने पहिल्यांदा लिहून आणलेल्या मसुद्यात "मेहनती, प्रामाणिक आणि होतकरू" असं होतं. ते मी खोडलं. तिथे लिहायला लावलं, की दोन वर्षांत चोवीस महिन्यांची रिटर्न वेळेत भरली, उधारीची किती खाती याने सांभाळली, आणि रोख रक्कम कितीपर्यंत याच्या हाती सोपवत होतो. मालनपूरचे कारखाने ग्वाल्हेरच्या व्यापाऱ्यांशी रोज व्यवहार करतात. तिथे शेठजींचं नाव चालतं, आणि वाईट माणसाची शिफारस केली तर पुढच्या वेळी ते चालणार नाही, हे शेठजींना माहीत आहे.

शेठजींनी मसुदा दोनदा वाचला. रोख रकमेचा आकडा स्वतःच्या हाताने वाढवून लिहिला, खाली सही केली, आणि सहीखाली आपला मोबाइल नंबर घातला. म्हणाले, "पूछना हो तो फोन कर लें."